‘मी’ म्हणजे पेन्सिलीचं कोणतं टोक?

*बाई, नमस्कार. मी सातवीत आहे. आम्हाला सर्जनशील लेखनासाठी ‘झिजलेली पेन्सिल बोलते’ अशी कविता लिहायची आहे, सोळा ते वीस ओळींची. मी लिहिली, तर पप्पा म्हणाले, ‘हा निबंधच आहे, फक्त ओळी तोडलेला.’ सुरुवात अशी आहे:*

*मी आहे एक पेन्सिल, झिजले मी फार,*
*स्वतः झिजून करते ज्ञानाचा प्रसार.*
*माझ्या पोटातले शिसे देते अक्षरांचे दान,*
*म्हणून मुलांनो, राखा पेन्सिलीचा मान.*

*माझ्याकडे खरंच एक पेन्सिल आहे, पाचवीपासूनची. आता अंगठ्याएवढीच उरलीये. दादाच्या जुन्या पेनच्या टोपणात खोचून मी तिने भूमितीच्या आकृत्या काढते. आई म्हणते फेकून दे, पण फेकवत नाही. कविता कशी सुधारू? तारीख जवळ आली आहे.*
*– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी*

अगं, तुझी कविता पत्रात आहे, पण ती त्या चार ओळींत नाही, खालच्या परिच्छेदात आहे. ‘दादाच्या जुन्या पेनच्या टोपणात खोचून’ हे वाचलं आणि मला ती पेन्सिल दिसली. चार ओळींत मात्र ती कुठेच दिसली नाही.

माझ्या वर्गात मी एक परीक्षा घ्यायचे, ती तू घरीच घे. प्रत्येक ओळीत पेन्सिलीच्या जागी ‘खडू’ घाल. ‘मी आहे एक खडू, झिजलो मी फार.’ चाललं. ‘स्वतः झिजून करतो ज्ञानाचा प्रसार.’ तेही चाललं. ‘राखा खडूचा मान.’ मस्त चाललं. जी ओळ खडूच्या तोंडी जशीच्या तशी शोभते ती पेन्सिलीची नाही, तिच्यावर काट मार. आता हेच टोपणाला करून बघ. खडूला कुणी पेनच्या टोपणात खोचत नाही. म्हणजे ती ओळ तुझ्या पेन्सिलीची. तुझ्या चारातली फक्त शिशाची ओळ या परीक्षेतून सुटते, आणि नेमकी तीच चुकीची आहे. पण शिशाकडे मी नंतर येते.

आता पेन्सिल आणि पट्टी घेऊन बस. नवी पेन्सिल साधारण साडेसतरा सेंटिमीटर असते, म्हणजे तुझ्या हाताची एक वीत धर. अंगठ्याएवढी उरलेली पाच भरली, तर साडेबारा सेंटिमीटर गेले. कुठे गेले? तू लिहिलंस ‘झिजले’. एक दिवस नीट बघ. सकाळी लांबी मोज, दिवसभर आकृत्या काढ, संध्याकाळी पुन्हा मोज. टोक बोथट झालेलं असेल, पण लाकूड जिथल्या तिथेच. मग शार्पनरमध्ये दोन-चार वेढे दे आणि पुन्हा मोज. लांबी तिथे जाते. लिहिताना फक्त आतली काडी घासली जाते, लाकडाचा एक कणही कागदावर उतरत नाही. आणि शार्पनर लाकूड तासताना काडीलाही सोडत नाही, तीही सालीबरोबर भुग्यात जाते.

म्हणजे तुझी पेन्सिल झिजली कमी आणि तासली गेली जास्त. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि तुझ्या कवितेला त्यांचा फरक हवा आहे. झिजणं आपलं आपण होतं. पायरी झिजते, चप्पल झिजते, सहाण झिजते. तासायला मात्र दुसरा कुणीतरी लागतो. ‘मी झिजले’ म्हणणारी पेन्सिल आणि ‘मला तासलं’ म्हणणारी पेन्सिल या दोघींचा स्वभावच वेगळा. पहिली हार घालून घ्यायला उभी आहे, दुसरी तक्रार करतेय, किंवा नुसतं जे घडलं ते सांगतेय. मला दुसरी ऐकायला आवडेल. ‘स्वतः झिजून दुसऱ्याला सुख देणं’ हे आपल्याकडे चंदनापासून मेणबत्तीपर्यंत सगळ्यांना करायला लावलंय. एवढी एक पेन्सिल तरी सुटू दे.

मग तिला काय माहीत असेल? तिला डोळे नाहीत. फळा, खिडकी, बाईंची साडी हे तिने पाहिलेलं नाही. तिला स्पर्श कळतो आणि, मी सवलत म्हणून देते, थोडं ऐकू येतं. तिच्या अंगाला काय काय लागलं ते आठव. तीन बोटं. कागदाचा खरखरीतपणा. कंपासपेटीत कर्कटकाचं टोचणं. शार्पनरचं पातं. तुझे दात. (नाही म्हणू नकोस, मागचं टोक बघ.) शाळेची कविता म्हणून दात लपवायचे नसतात. ‘गणित सुटेना की ती मला चावे’ या एका वाक्यात तुझा गणिताचा तास आला, भीती आली, पेन्सिलीची चीडही आली, आणि ‘ज्ञान’ शब्द कुठे लागलाच नाही.

सालींबद्दलही लिही. आम्ही लहानपणी त्या पंख्यासारख्या, लाल कडेच्या साली जमवायचो आणि दुधात भिजत घालायचो, कारण त्याचा खोडरबर होतो असं वरच्या वर्गातल्या मुलींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. खोडरबर कधीच झाला नाही. दूध नासलं आणि मार बसला. तुमच्या वर्गात अजून ही अफवा आहे का? असेल तर पेन्सिलीच्या बाजूने विचार कर. तिच्याच सालींपासून तिचं लिहिलेलं पुसणारा खोडरबर करायला मुली निघाल्यात, आणि ती कंपासपेटीत पडून ऐकतेय. यावर एक अख्खं कडवं होईल. मी ते लिहिणार नाही, तुझ्यासाठी ठेवते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक मुलाला माहीत असते पण कवितेत कुणी आणत नाही. पेन्सिल उंचावरून फरशीवर पडली की वरून तिला काही होत नाही. रंग शाबूत, लाकूड शाबूत. पण आतली काडी ठिसूळ असते, ती दोन-तीन ठिकाणी मोडते. कळतं कधी? टोक करायला घेतल्यावर. टोक येतं, कागदावर टेकवलं की गळून पडतं. पुन्हा टोक काढलं, पुन्हा गळलं. सगळे शार्पनरला दोष देतात. पातं बोथट असेल तरी असं होतं, पण तेव्हा टोक शार्पनरमध्येच तुटतं आणि लाकूड खरबरीत, फाटल्यासारखं निघतं. साल गुळगुळीत निघते आणि टोक मात्र अख्खं, सुटं होऊन हातात येतं, तेव्हा मोड आतली असते. बाहेरून धड आणि आतून मोडलेली अशी ‘मी’ कवितेला मिळाली, तर तिला दुःख वगैरे शब्द वापरावे लागत नाहीत. ‘टोक गळे, पुन्हा गळे’ एवढं पुरतं.

आता शिसं. पेन्सिलीच्या पोटात शिसं नसतंच. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बोरोडेल नावाच्या डोंगराळ भागात काळा, मऊ, रेघ उमटवणारा दगड सापडला. लोकांना ते शिशासारखंच काहीतरी वाटलं आणि नाव चिकटलं. तो होता ग्राफाइट, म्हणजे कार्बन, कोळशाचा नातेवाईक. पुढे 1795 मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून, भट्टीत भाजून काडी करण्याची रीत काढली. आजची काडीही ग्राफाइट आणि मातीचीच असते. माती जास्त घातली की काडी कडक होते, रेघ फिकी उमटते. कमी घातली की मऊ आणि काळी. तुझ्या पेन्सिलीवर ‘एचबी’ असेल तर ती या दोहोंच्या मधली. तेव्हा ‘शिसे देते दान’ ही ओळ जाऊ दे. त्याऐवजी बघ, जन्मभर चुकीच्या नावाने हाक मारली गेलेली कुणी एक तुझ्यासमोर आहे:

शिसे शिसे म्हणतात,
पोटी ग्राफाइट, माती.

पुढच्या दोन ओळी तू लाव. माहितीच्या ओळी मात्र कवितेत दोनच ठेव, नाहीतर विज्ञानाच्या बाई खूश होतील आणि मराठीच्या नाही. आपल्याकडच्या पेन्सिलींचं बरंचसं लाकूड काश्मीरमध्ये पुलवामाकडे वाढणाऱ्या पॉप्लरच्या झाडांचं असतं, हे मला माहीत आहे, तरी ‘मी होते हिरवे झाड’ अशी सुरुवात करू नकोस. वर्गातल्या निम्म्या कविता झाडापासूनच निघतील. तुझ्या पेन्सिलीला झाड आठवत नसेल. तिला कंपासपेटी आठवेल.

या पत्राचं उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः पुढच्या गोष्टीसाठी. तुझ्या कवितेत ‘मी’ म्हणतंय कोण?

नव्या पेन्सिलीचं जे टोक आधी तासलं, त्याने तुझा पाचवीतला पहिला त्रिकोण काढला. ते टोक आता जगात नाही. पहिल्या सहामाहीत ज्याने वर्तुळं काढली तो भागही गेला. तुझ्या टोपणातलं जे उरलंय, ते त्या वेळी पेन्सिलीचं शेपूट होतं. ते वर, हवेत, डुलत होतं. तुझ्या दातांपाशी होतं. लिहिण्याची वेळ त्याच्यावर आता आली, सर्वांत शेवटी. आणि कविता ‘मी पहिला त्रिकोण काढला’ म्हणते तेव्हा ते थोटूक दुसऱ्याचं काम आपल्या नावावर सांगतंय. इथे ते खरं बोलायचं ठरवेल तर काय म्हणेल? ‘त्रिकोण मी काढला नाही. माझ्या पुढे जी होती तिने काढला. मी मागून फक्त हलत होते.’ मला तरी हे ज्ञानाच्या प्रसारापेक्षा फार वेगळं आणि खरं वाटतं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मुलीचा आवाज आहे तो. तुझ्या बाईंनाही वाटेल, कारण पेन्सिलीचं हे त्यांनीही कधी मोजलं नसेल.

याला जोडूनच भाषेची एक गंमत. पेन्सिल ‘ती’. पण थोटूक ‘ते’. नवी असते तेव्हा ‘मी आले’ म्हणते, अगदी तुझ्यासारखी. अंगठ्याएवढी उरली की तिचं लिंगच बदलतं, आपण म्हणतो, ‘ते थोटूक टाक तिकडे.’ मराठीत ‘मी उरलं’ असं सहसा कुणी म्हणत नाही, कानाला खटकतं. पुस्तकाच्या किंवा झाडाच्या आत्मवृत्तातही मुलं ‘मी पुस्तक बोलतोय’ असं पुल्लिंगी लिहून मोकळी होतात. पण तुझ्या कवितेत ते खटकणं कामाचं आहे. सुरुवातीच्या कडव्यांत ‘आले, पडले, होते’ ठेव आणि शेवटच्या कडव्यात कुठेतरी एकदाच ‘उरलेलं’ येऊ दे. जो नीट वाचेल त्याला कळेल की हिचं ‘ती’पणही तासलं गेलंय. सांगायला जाऊ नकोस, नुसतं लिही.

आता पप्पांच्या म्हणण्याकडे. त्यांचं बरोबर आहे. तुझ्या ओळींत यमक आहे पण चाल नाही. बाकी ओळी चौदा अक्षरांच्या, तिसरी सोळाची, त्यामुळे म्हणताना पाय अडखळतो. सातवीत वृत्तं नकोत, पण अष्टाक्षरी तुला जमेल. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसरी आणि चौथी ओळ यमकात. मोजायचं लिहिलेल्या अक्षरांवर, जोडाक्षर एकच धरायचं. ‘पेन्सिल’ म्हणजे पे-न्सि-ल, तीन. ‘टोपण’ आपण बोलताना ‘टो-पण्’ म्हणतो, पण मोजताना टो-प-ण, तीनच.

तुझ्याच वाक्याचं कडवं करून दाखवते. कच्चा माल असा: ‘दादाच्या जुन्या पेनच्या टोपणात खोचून मला धरतात.’ पहिला प्रयत्न मी असा केला:

लहान झाले म्हणून
टोपणात घातले मला

पहिली ओळ आठ भरली. दुसरी नऊ. ‘मला’ काढून ‘टोपणात घातलेले’ केलं तर आठ होतात, पण त्यात काही घडत नाही, माहितीच राहते. मग मी माझं एक जुनं थोटूक खरंच पेनच्या टोपणात खोचलं आणि धरून बघितलं. तेव्हा लक्षात आलं की माझी बोटं टोपणाला लागतायत, पेन्सिलीला लागतच नाहीत. इतकी वर्षं जिला तीन बोटांची ऊब होती तिला आता प्लास्टिक लागतंय. बस, कडवं तिथे होतं:

दादाच्या जुन्या पेनाचे
टोपण माझ्या पायात;
हात धरतो टोपण,
मीच नाही त्या हातात.

मोजून बघ. दा-दा-च्या-जु-न्या-पे-ना-चे, आठ. बाकीच्या तू मोज. हे कडवं तुझ्या पत्रातलं आहे, म्हणून तुला देऊन टाकते. पण बाईंना सांग की हे एक कडवं मदतीने झालं. उरलेली तू कर.

अख्खी कविता शेवटपर्यंत कशी जाते ते दिसावं म्हणून माझी एक देते. ही तुझ्या पेन्सिलीची नाही, त्यामुळे उतरवून काढता येणार नाही, पहिल्या ओळीतच पकडली जाशील. माझे वडील सुतारकाम करायचे. सुताराची पेन्सिल चपटी असते, म्हणजे उतरत्या फळीवरून घरंगळत नाही. ती शार्पनरमध्ये जात नाही, पटाशीने तासतात. कानामागे राहते. आणि तिचं दुर्दैव असं की तिने मारलेली रेघ थोड्याच वेळात करवतीखाली जाते. तुझ्या पेन्सिलीच्या आकृत्या निदान वहीत उरतात. वडिलांची एक थोटकी पेन्सिल माझ्याकडे आहे, तिचं हे बोलणं:

कानामागे घर माझे,
घाम तेवढा शेजारी;
पटाशीने टोक काढी
हात सकाळी, दुपारी.

मी मारावी एक रेघ,
करवतीने ती खावी;
माझी अक्षरे कुणीही
वहीमध्ये न शोधावी.

एकदाच पडले मी,
साल होती तशी सारी;
टोक गळे, पुन्हा गळे,
मोड आतल्या अंधारी.

पाळण्याची रेघ ज्याने
काढली, ते टोक गेले;
मी शेपूट, तेव्हा मागे
नुसते मी ऐकलेले.

बाजारातून आले मी
वीतभर, लाल, नवी;
थोटूक मी उरलेलं,
आता कुणी ‘ती’ म्हणावी?

यात दोष आहेत, ते मीच सांगते. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्याचं यमक एकसारखं ‘-री’वर आलंय, दोन्ही जवळजवळ असल्यामुळे कानाला जाणवतं. ‘न शोधावी’ थोडं पुस्तकी झालंय, आठ अक्षरांसाठी ओढलंय. आणि सगळीकडे ‘माझे, गेले’ असं लिहून शेवटी एकदम ‘उरलेलं’ अनुस्वाराने लिहिलंय. तो शेवटचा मात्र दोष नाही, मुद्दाम आहे. तिथे ‘उरलेले’ लिहिलं असतं तर ते ‘आले’, ‘पडले’ यांच्यातच मिसळून गेलं असतं आणि लिंग बदललेलं कुणाला कळलंच नसतं. तू सगळी कविता ‘माझं, झालं’ अशी बोलीत लिहिलीस तरी चालेल, पण मग शेवटपर्यंत तशीच लिही.

कडव्यांचा क्रमही बघ. मी जन्मापासून सुरुवात केली नाही. आत्ताच्या जागेपासून केली, कानामागून, आणि बाजारातून आणल्याची गोष्ट शेवटी टाकली. तुझी पेन्सिल आत्ता टोपणात आहे, तर टोपणापासून सुरू कर. मग दात. मग आतली मोड, तुझी कधी पडली असेल तरच. तिला पडायला लावू नकोस, खोटं पडणं लगेच कळतं. मग पहिला त्रिकोण, जो तिने काढलाच नाही. शेवटी काय, ते मी सांगणार नाही, पण तुझ्या पत्रात आईचं एक वाक्य आहे, ‘फेकून दे.’ पेन्सिलीने ते ऐकलेलं आहे.

शीर्षकात ‘मनोगत’ नको, ‘आत्मकथा’ नको. ‘टोपणात’ एवढंच ठेवलंस तर वाचणारा आत डोकावेल. ‘घाबरू नका, मीच बोलतेय’ हे तर नकोच नको. माझ्या नोकरीच्या काळात पंख्यापासून फाटक्या छत्रीपर्यंत प्रत्येक वस्तूने मला घाबरू नका म्हणून सांगितलंय आणि मी एकदाही घाबरले नव्हते.

बाईंनी ‘शेवटी संदेश हवा’ असं सांगितलेलं असेल तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. गुण त्यांच्या हातात आहेत. वीस ओळींची कविता पूर्ण कर, खाली एक ओळ रिकामी सोड आणि संदेश वेगळ्या वाक्यात लिहून टाक. पण वहीच्या मागच्या पानावर ती कविता एकदा संदेशाशिवाय उतरवून ठेव, त्याच पेन्सिलीने. तेवढी काडी तिच्यात नक्की उरली असेल. फार बोथट झाली तर शार्पनरऐवजी खरखरीत कागदावर टोक तिरकं घासून घे, म्हणजे लाकूड जाणार नाही.

आणि झाल्यावर मला पाठव. दातांचं कडवं लिहिलंस की नाही ते आधी बघणार आहे.

– तुझी बाई